अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही: सीसॅटच्या उताऱ्यापुढे गोठल्यावर काय करायचं

ताई, मी ऐरोलीत राहते आणि राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करतेय. घरी उतारे सोडवते तेव्हा दहापैकी सात उत्तरं तरी बरोबर येतात. पण टेस्ट सिरीजला वर्गात बसले की दुसऱ्या-तिसऱ्या उताऱ्यावर एकदम ब्लँक होते. तीच ओळ चार-पाच वेळा वाचते, शब्द कळतात पण डोक्यात काही जात नाही. शेजारच्यानं पान उलटलं की हात गार पडतात, छातीत धडधडतं. तिथंच दहा-बारा मिनिटं जातात आणि मग पुढचं सगळं घाईत चुकतं. मागच्या वेळी पहिला पेपर चांगला जाऊनही सीसॅटमध्ये अडकले. सगळे म्हणतात, ‘शांत राहा’. पण त्या क्षणी नक्की करायचं काय?
– एक वाचक, ऐरोली

त्या क्षणी सगळ्यात आधी वाचणं थांबवायचं. पाचव्यांदा तीच ओळ वाचून काही हाती लागणार नाही, कारण बिघाड डोळ्यांत नाही आणि तुझ्या मराठीत किंवा इंग्रजीतही नाही.

उतारा समजायचा तर पहिल्या वाक्यातली गोष्ट धरून ठेवत चौथं वाक्य वाचावं लागतं. हे धरून ठेवण्याचं काम मेंदूतली कार्यकारी स्मृती करते आणि तिथं जागा फार थोडी असते. ‘किती मिनिटं गेली’, ‘तो तर पुढच्या पानावर गेला’, ‘यंदाही राहिलं तर’ हे विचार नेमकी तीच जागा अडवतात. डोळे ओळीवरून सरकतात, शब्द ओळखीचे वाटतात, पण दुसरं वाक्य येईपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. मग तू परत मागे जातेस, पुन्हा काही लागत नाही, आणि ‘मला जमत नाहीये’ याचा आणखी एक पुरावा मनाला मिळतो. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचण्यानंच भीती वाढते. सामान्य अध्ययनात असं होत नाही, कारण तिथं एक प्रश्न अडला तर तेवढा सोडून पुढे जाता येतं. उताऱ्यावर मात्र सहसा चार-पाच प्रश्न एकत्र टांगलेले असतात, म्हणून तो सोडवत नाही आणि सोडूनही देववत नाही.

हात गार पडणं आणि धडधडणं हे ॲड्रेनलिनचं काम. त्याच वेळी श्वास छातीच्या वरच्या भागात, भराभर चालू होतो. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं वाटतं. ‘मोठमोठे श्वास घे’ हा सल्ला म्हणूनच अनेकदा अंगाशी येतो: घाबरलेलं माणूस भराभर मोठे श्वास घेतं आणि त्याला आणखी गरगरतं. भर श्वास घेण्यावर द्यायचा नाही, सोडण्यावर द्यायचा.

आता प्रत्यक्ष कृती. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचतेय असं लक्षात आलं, की तोच इशारा. चौथ्यांदा वाचायची नाही. पेन खाली ठेव आणि दोन्ही तळहात बाकावर किंवा मांडीवर सपाट टेकव. तोंडानं आत असलेली हवा आधी सावकाश सोडून दे. मग नाकानं श्वास घे, त्यावरच आणखी एक छोटा श्वास भर, आणि तोंडानं अगदी हळू सोड. घ्यायला तीन सेकंद लागले तर सोडायला सहा-सात लागायला हवेत. असं फक्त चार वेळा. लांबवलेल्या उच्छ्वासानं हृदयाचे ठोके थोडे संथ होतात, आणि सेकंद मोजण्यात मन गुंतल्यामुळे मघाच्या विचारांची साखळीही तुटते. गरगरायला लागलं तर मोजणं सोड आणि नेहमीसारखा श्वास घे.

त्यानंतर दोन्ही पावलं जमिनीवर पाच सेकंद घट्ट दाब आणि सैल सोड. नजर कागदावरून उचलून लांबच्या एखाद्या स्थिर गोष्टीवर ने; फळ्याचा कोपरा चालेल, शेजारचा कागद नाही. मग पेन उचल आणि पहिलं काम हाताला दे: उताऱ्याखालच्या पहिल्या प्रश्नातला मुख्य शब्द अधोरेखित कर. सगळं मिळून दीड मिनिट लागतं.

इथं बहुतेकजण एक चूक करतात. धडधड पूर्ण थांबेल मग वाचू, म्हणून वाट बघत बसतात. ती थांबायला बरीच मिनिटं लागू शकतात आणि तिच्यासाठी थांबायची गरजही नाही. छाती धडधडत असतानाही वाचता येतं. दीड मिनिटात आपल्याला फक्त डोक्यातली थोडी जागा मोकळी करायची असते.

उताऱ्याकडे परतताना रीत बदलायची. आधी प्रश्न वाच, पण पर्याय वाचू नकोस. चार पर्यायांत तीन चुकीची विधानं असतात. ती आधीच डोक्यात भरली तर आहे ती जागाही जाते. मग पेनाचं टोक ओळीखालून सरकवत उतारा वाच आणि दर दोन-तीन वाक्यांनी समासात दोन-तीन शब्द लिही. डोक्याला जे धरवत नाही ते कागदाला धरू दे. हे कच्चं काम प्रश्नपुस्तिकेवरच. उत्तरपत्रिकेवर एकही जादा खूण नको. आणखी एक: बरेच उतारे मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेले असतात. गोठलेलं माणूस या भाषेतून त्या भाषेत उड्या मारतं आणि दोन्हीकडे अर्धवट वाचतं. एकच भाषा धर. दुसरीकडे एखाद्या शब्दापुरतंच जायचं.

तुझ्या घराजवळचाच विषय घेऊन हे करून दाखवते. समज, हा उतारा आहे:

“ठाणे खाडीत दरवर्षी रोहित पक्षी मोठ्या संख्येनं येतात. त्यांतल्या छोट्या रोहिताचं मुख्य खाद्य नीलहरित शेवाळ आहे. शहरांतून खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदामुळे हे शेवाळ फोफावतं. पक्ष्यांची संख्या वाढण्यामागे हे एक कारण असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. मात्र हेच सांडपाणी जड धातूही घेऊन येतं. शिवाय गाळ साचून चिखलपट्टीवर कांदळवन पसरलं, तर पक्ष्यांना चरायला मोकळी जागा उरत नाही. 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण दर्जामुळे पाण्याची प्रत आपोआप सुधारत नाही.”

समासात एवढंच लिहायचं: ‘खाद्य शेवाळ’, ‘सांडपाणी – वाढ, असावं’, ‘मात्र – धातू, जागा’, ‘दर्जा, पाणी तेच’. यात ‘असावं’ आणि ‘मात्र’ हे दोन शब्द मुद्दाम उचलले आहेत. उताऱ्याचं म्हणणं कुठं वळतं आणि लेखक किती ठामपणे बोलतोय, हे अशाच शब्दांतून कळतं. घाईत नेमके तेच सुटतात.

आता प्रश्न. छोट्या रोहिताचं मुख्य खाद्य कोणतं, असा सरळ प्रश्न असेल तर तो आधी सोडव, तो कितव्याही क्रमांकावर असला तरी. ‘शेवाळ’ या शब्दावर बोट ठेवता येतं, उत्तर मिळतं, आणि डोकं पुन्हा चालू झाल्याची खात्रीही मिळते. निष्कर्षाचा प्रश्न त्यानंतर. त्याचे पर्याय असे असतील: एक, सांडपाणी वाढेल तसे रोहितही वाढत राहतील. दोन, सांडपाण्याचा या पक्ष्यांवर होणारा परिणाम एकाच प्रकारचा नाही. तीन, रामसर दर्जामुळे खाडीचं प्रदूषण थांबलं. चार, कांदळवन पक्ष्यांना नेहमीच घातक असतं.

गोठलेला विद्यार्थी इथं पहिला पर्याय निवडतो, कारण त्याचं वाचन तिसऱ्या वाक्यापर्यंतच नीट झालेलं असतं. तिथंच तो अडकलेला असतो, मग तेच तुकडे आठवतात आणि पर्यायात दिसले की बरोबर वाटतात. ‘मात्र’च्या पुढचं डोक्यात उतरलेलंच नसतं. समासातली टीप बघितली की दिसतं, सांडपाण्यानं अन्न वाढतं आणि विषही येतं. म्हणून उत्तर दुसरं. तिसरा पर्याय शेवटच्या वाक्याच्या थेट उलट आहे. चौथ्यात ‘नेहमीच’ हा शब्द उताऱ्याबाहेरून आला आहे. उतारा फक्त चिखलपट्टीवर पसरण्याबद्दल बोलतो. सराव करताना चुकलेलं प्रत्येक उत्तर असं तपास: उताऱ्याचा कुठला भाग वाचूनही उतरला नव्हता? तुझ्या बऱ्याच चुका एका विशिष्ट वळणानंतरच्या निघतील.

एवढं करूनही उतारा उलगडला नाही तर? वाचायला परत सुरुवात केल्यापासून दोन मिनिटांत एकाही सोप्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर चांदणी करून तो सोड. दुसरे दोन उतारे पूर्ण झाल्याशिवाय त्याच्याकडे यायचं नाही. पुढचा उताराही शक्यतो वेगळ्या विषयाचा निवड.

सोडायला हात धजावत नाही, कारण ‘सगळं सोडवलंच पाहिजे’ हे मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणून हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पेपर 80 प्रश्नांचा, 200 गुणांचा, दोन तासांचा. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलेल्याला त्याच्या चौथ्या हिश्श्याची, म्हणजे 0.625 ची वजावट. हा पेपर केवळ पात्रतेचा आहे. 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की काम झालं. आता समज, तू 50 प्रश्नच सोडवलेस आणि तुझ्या घरच्या प्रमाणानं 35 बरोबर आले. 87.5 मधून 15 चुकांचे 9.375 वजा केले की 78 च्या वर उरतात. परीक्षेत थोडं घसरून 32 च बरोबर आले तरी 80 वजा 11.25, म्हणजे 68.75. उलट घाबरून सगळे 80 गोल भरले आणि 36 बरोबर आले, तर 90 मधून 44 चुकांचे 27.5 जातात आणि 62.5 वर गाडी अडते. चार उत्तरं जास्त बरोबर येऊनही नापास. मागच्या वेळी शेवटच्या अर्ध्या तासात किती गोल न वाचता भरले होतेस, ते आठवून बघ. पाच प्रश्नांचा एक उतारा सोडला तर साडेबारा गुणांवर पाणी पडतं, पण घाईतल्या भरण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

वेळेचं ओझंही यातूनच हलकं होतं. पहिली दोन मिनिटं पानं चाळून ओळखीच्या विषयांच्या उताऱ्यांवर खूण करायची आणि सुरुवात तिथून. एका उताऱ्याला प्रश्नांसकट सात मिनिटं धर. घड्याळ फक्त तीनदा बघायचं: अर्ध्या तासानं, तासानं आणि दीड तासानं. दर प्रश्नाला घड्याळ बघणं म्हणजे तीच थोडी जागा पुन्हा पुन्हा भरून टाकणं. कुठलं घड्याळ चालतं ते प्रवेशपत्रावरच्या सूचनांत आधीच बघून ठेव. गोल उतारानिहाय भर, आणि प्रत्येक गोलाआधी प्रश्नाचा क्रमांक मनात म्हण. गोठून परतल्यावर, विशेषतः उतारा मध्येच सोडल्यावर, एक ओळ सरकून सगळी उत्तरं चुकीच्या क्रमांकापुढे जाण्याचा धोका मोठा असतो आणि पेनानं भरलेला गोल परत घेता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. हे सगळं परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलीस तर चालणार नाही. भीतीच्या क्षणी नवीन काही आठवत नाही. हाताला सवय असेल तेवढंच होतं. आणि तुझा आत्ताचा सराव भीतीशिवायचा आहे. घरी किंवा अभ्यासिकेच्या शांततेत तू गोठतच नाहीस, म्हणून परत येण्याचा सराव कधी होतच नाही. तो मुद्दाम घडवून आणावा लागेल.

आठवड्यातून दोनदा असं कर. इमारतीचे तीन मजले झपाझप चढ, दम लागलेला असतानाच टेबलाशी बस, आठ मिनिटांचा टायमर लाव आणि एक अनोळखी, रूक्ष विषयाचा उतारा उघड. धडधड तीच, श्वास तसाच, फक्त कारण निरुपद्रवी. अर्थ निसटायला लागला की पेन खाली, चार उच्छ्वास, पावलं, फळा, पहिला प्रश्न. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर जिने चढू नकोस. त्याऐवजी नुसता टायमर मोठ्यानं टिकटिकत ठेव. दोन आठवड्यांनी घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून मध्येच जोरात पान उलटायला सांग. तुला तोच आवाज लागतो ना, मग त्याचीच सवय करायची. नंतर सलग तीन उतारे, आणि परीक्षेआधीच्या महिन्यात दर रविवारी दुपारी, सीसॅटच्याच वेळेला, पूर्ण पेपर उत्तरपत्रिकेसकट.

दर वेळी तीन गोष्टी टिपून ठेव: कितव्या उताऱ्यावर अडलीस, कशानं अडलीस, आणि पहिलं बरोबर उत्तर सापडेपर्यंत किती वेळ गेला. प्रगती या तिसऱ्या आकड्यात दिसते. गोठणं कदाचित पूर्ण जाणार नाही, परीक्षेतही एकदा होईल. पण दहा मिनिटांची तीन झाली, तर या पेपरसाठी तेवढं पुरेसं आहे. महिनाभरात हा आकडा हललाच नाही, तर बहुधा तू तिसऱ्या वाचनाला थांबत नाहीयेस, पाचव्या-सहाव्याला थांबतेयस. आधी ते सुधार.

परीक्षेच्या दिवशी सकाळचा पेपर संपला की उत्तरं जुळवणाऱ्या घोळक्यापासून लांब जा. तिथं कळलेली एक चूक दुपारी उताऱ्यांमध्ये येऊन बसते. जेवण नेहमीचंच, थोडं कमी; चहा-कॉफी एरवी घेतेस त्यापेक्षा जास्त नको, कारण कॅफिननं धडधड वाढते आणि तिचा अर्थ मन भीती असाच लावतं. वर्गात जाण्याच्या थोडं आधी दहा मिनिटं कागदावर मनातली भीती जशीच्या तशी लिहून काढ. शिकागो विद्यापीठाच्या जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांचा यावरचा प्रयोग 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. परीक्षेआधी असं लिहिणाऱ्या, विशेषतः फार घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचं त्यात दिसलं. सगळ्यांना सारखाच उपयोग होतो असं नाही, म्हणून आधी टेस्ट सिरीजला करून बघ. कागद फाडून टाक, आत नेऊ नकोस. आणि परीक्षा रविवारी असेल तर मेगाब्लॉक कुठं आहे ते शनिवारीच बघ. ट्रान्सहार्बरवर खोळंबून धापा टाकत केंद्रावर पोचलीस, तर ती धडधड दिवसभर पाठ सोडत नाही.

मैत्रिणीनं दिलेली ‘धडधड कमी करणारी’ गोळी घेऊ नकोस. अशा काही गोळ्या दमा असणाऱ्याला धोक्याच्या ठरतात आणि काहींनी झोप येते. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय त्या नाहीतच. परीक्षेबाहेरही, म्हणजे लोकलमध्ये किंवा झोपेतून उठून, अशी धडधड होत असेल, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, किंवा सरावाला बसायचीच भीती वाटत असेल, तर हे उताऱ्यापुरतं राहिलेलं नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांना भेट. लगेच जाणं जमत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन कर. ही केंद्र सरकारची मोफत, चोवीस तासांची सेवा आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.